घरून काम, दिवसाला तीन जिने : घोडबंदर रोडवरचं एक प्रकरण

बाई ४२ वर्षांच्या. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहतात. घरात नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. नोकरी ब्रिटनमधल्या ग्राहकांचे विमा दावे हाताळणाऱ्या कंपनीत, हाताखाली नऊ जण. गुरुवारी ऐरोलीच्या ऑफिसात हजेरी, बाकीचे चार दिवस घरून काम, वेळ सकाळी साडेअकरा ते रात्री साडेआठ.

माझ्याकडे त्या मान दुखते म्हणून आल्या होत्या. मानेचं दोन आठवड्यांत निभावलं. पण बोलता बोलता त्यांनी कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट पुढे केला. एचबीएवनसी ५.९, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वजन ७१ किलो. आणि त्यांच्या दृष्टीने सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अशी, की एक दिवस सोसायटीच्या दोन्ही लिफ्ट बंद होत्या, तेव्हा सहाव्या मजल्यावर त्या खाली बसल्या होत्या. “सासूबाई माझ्या आधी वर पोहोचल्या हो,” म्हणाल्या.

व्यायामाला तासभर काढा, हे त्यांना आधी तिघांनी सांगून झालं होतं. मी त्यांचा दिवस कागदावर मांडायला लावला. सकाळी पावणेसहाला उठणं, डबे, सातला मुलाची बस, मग सासूबाईंचं पथ्याचं, स्वयंपाक, धुणंभांडीवाल्या मावशी. साडेअकराला लॉगिन. ब्रिटनची मंडळी कामावर येऊ लागली की, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच-तीननंतर, सातपर्यंत कॉलला कॉल लागून. साडेआठला सुटका, त्यानंतर जेवण आणि मुलाचा अभ्यास. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जिम आहे, पण तिथे जाऊन, व्यायाम करून, आंघोळ करून परत यायला सव्वा तास लागतो, आणि तो सव्वा तास या कागदावर कुठेच नव्हता. रिकामे सापडले ते तीन ते आठ मिनिटांचे तुकडे. ते मात्र सहा-सात होते.

अशा तुकड्यांत बसवलेल्या व्यायामाला हल्ली एक्सरसाइज स्नॅक्स म्हणतात. बाईंनी तोही करून पाहिला होता. कंपनीच्या वेलनेस उपक्रमात दर तासाला फोनवर घंटा वाजे, मग उभं राहून हात वर, मान डावीकडे-उजवीकडे, खांदे गोल, चार पावलं चालणं. दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, म्हणून त्यांचा या प्रकारावरच विश्वास उरला नव्हता. प्रकरण अभ्यासण्यासारखं वाटलं ते इथे. कारण त्या जे करत होत्या ते चुकीचं नव्हतं. त्यातून त्या जी अपेक्षा करत होत्या, ती त्यातून पुरी होणार नव्हती.

बैठक मोडणं ही एक गोष्ट आणि दम लागेल असा छोटा व्यायाम ही दुसरी. या दोन्हींची सरमिसळ फार होते. बैठक मोडायला हलकी हालचाल पुरते, पण ती वरचेवर लागते. २०१२ साली ऑस्ट्रेलियात डेव्हिड डन्स्टन यांच्या गटाने जाड्या, बैठ्या माणसांवर प्रयोग केला. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं नुसतं चाललं तरी खाल्ल्यानंतर रक्तात चढणारी साखर सलग बसण्याच्या तुलनेत कमी राहिली. स्नायू आखडला-सैलावला की इन्शुलिनच्या फारशा मदतीशिवायही तो रक्तातली साखर ओढून घेतो, त्यामुळे हे घडतं. आपली जेवणानंतरची शतपावली याच जातीची. पण शतपावलीने दम वाढत नाही. हृदय-फुफ्फुसांची ताकद वाढवायची तर त्यांना थोडा वेळ का होईना, नेहमीपेक्षा बरंच जास्त काम द्यावं लागतं.

त्याचा सोपा पुरावा २०१९ सालच्या एका कॅनडियन अभ्यासात आहे. मॅकमास्टर आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठांतल्या संशोधकांनी बैठ्या तरुणांना तीन टप्प्यांचा, ६० पायऱ्यांचा जिना जमेल तितक्या जोरात चढायला सांगितलं. दिवसातून तीनदा, प्रत्येक चढाईत एक ते चार तासांचं अंतर, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं हे मोजलं, तर ते सुमारे पाच टक्क्यांनी वाढलं होतं. आकडा फुगवून सांगण्याजोगा नाही, अभ्यासात जेमतेम दोन डझन लोक होते आणि ते तरुण होते. पण दिवसाचा सगळा व्यायाम मिळून दोन-तीन मिनिटांचा होता, हे विसरता कामा नये. त्याच सुमारास, २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘व्यायाम सलग किमान दहा मिनिटं हवा’ ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम हे माप तेच राहिलं, तुकडे कितीही छोटे चालतील असं झालं.

योजना आखण्याआधी तपासणी. रक्तदाब १२४/८०. छातीत दुखणं, चक्कर, अचानक धडधड असं कधी नाही. पण वडिलांची ५८ व्या वर्षी बायपास झालेली, म्हणून जोराचं काही सुरू करण्यापूर्वी मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ईसीजी काढून हरकत नाही असं लिहून दिलं. मग दोन मोजमापं घेतली. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजलं. १३ आलं. ही चाचणी मुळात ज्येष्ठांची आहे आणि साठी ते चौसष्टीतल्या बायकांचा नेहमीचा आवाका साधारण १२ ते १७ असतो. म्हणजे बाईंचे पाय वीस वर्षांनी पुढे गेले होते. दुसरं मोजमाप त्यांच्याच जिन्यावर.

जिन्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण योजना उभी राहिली ती त्यावरच. टॉवरमधला जिना म्हणजे आग लागली तर वापरायचा जिना. एरवी तिकडे कोणी फिरकत नाही. मी ‘तीन मजले चढा’ असं कधीच सांगत नाही, पायऱ्या मोजायला सांगते. घोडबंदरच्या नव्या इमारतींत तळमजल्याची लॉबी आणि पोडियम पार्किंगचे मजले उंच असतात. तिथे एका मजल्याला पंचवीस-तीस पायऱ्याही निघतात, आणि वर राहत्या मजल्यांना सतरा-अठरा. तळापासून सुरुवात करणारा माणूस तीन मजल्यांच्या नावाखाली पाच मजले चढतो आणि पहिल्याच दिवशी गारद होतो. बाईंकडे राहत्या मजल्याला नऊ-नऊच्या दोन टप्प्यांत १८ पायऱ्या, एक पायरी साधारण साडेसहा इंच. तीन मजले म्हणजे ५४ पायऱ्या, नऊ मीटरची चढण.

मग रचना अशी केली. लिफ्टने दहाव्या मजल्यावर जायचं. दहा ते अकरा सावकाश, बोलत बोलत चढल्यासारखं. हीच पूर्वतयारी, वेगळं वॉर्मअप नाही. अकरा ते चौदा झपाझप. शेवट आपल्याच दाराशी. घामेजलेल्या अवस्थेत लिफ्टची वाट पाहत उभं राहायला नको, शेजाऱ्यांच्या ‘काय हो, लिफ्ट बंद आहे का?’ला उत्तर द्यायला नको, आणि मुख्य म्हणजे जिना उतरायचा प्रसंगच येत नाही. एकेक पायरी घ्यायची, दोन-दोन नाही. पूर्ण पाऊल पायरीवर, टाच हवेत नाही. हात कठड्याच्या जवळ, पण कठडा ओढून चढायचं नाही. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट. घरातल्या सपाता घालून वेगाने चढणं हा पडण्याचा खात्रीचा मार्ग. जिना एकदा आधी रिकाम्या वेळी बघून यायला सांगितलं. बाराव्या मजल्याच्या लँडिंगवर कोणाची तरी सायकल आणि चपलांचं कपाट होतं, तेराव्यावरचा दिवा लागत नव्हता. दिवा सोसायटीच्या ऑफिसला सांगून बदलून घेतला. कपाट अजून तिथेच आहे, बाई त्याला वळसा घालतात. जिन्याचं जाड दार आतून उघडतं ना हेही पाहिलं, कारण काही इमारतींत ते बाहेरच्या बाजूने कुलूपबंद असतं आणि मग माणूस दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो.

पहिल्या दिवशी ५४ पायऱ्यांना ४६ सेकंद लागले आणि वर पोहोचल्यावर सलग एक पूर्ण वाक्य बोलता यायला दोन मिनिटं.

जोर किती, हा या प्रकारातला कळीचा प्रश्न. बाईंच्या मनगटावर घड्याळ होतं आणि त्या नाडीचा आकडा बघत होत्या. पाऊण मिनिटाच्या चढाईला तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. मुळात नाडी चढायलाच वीस-तीस सेकंद घेते, त्यात मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर आणखी मागे राहतो. चढताना ११०, आणि दार उघडून आत येऊन पाणी प्यायला लागल्यावर १४८ दिसे, आणि बाईंना वाटे पाण्याने धडधडतंय. म्हणून घड्याळ बाजूला ठेवून बोलण्याची कसोटी धरली. वर पोहोचल्यावर तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नसेल तर जोर बरोबर. पूर्ण वाक्य आरामात येत असेल तर ती शतपावली झाली. आणि एक शब्दही निघत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तर जास्त झालं. दहापैकी सात-आठ असं त्यांना वाटायला हवं, दहा कधीच नाही.

आता वेळ. इथे फोनची घंटा आधीच हरली होती. तिचं कारण उघड आहे. घंटा वाजते तेव्हा माणूस कशात तरी गुंतलेला असतो. तो ती बंद करतो आणि चौथ्या दिवसापासून ऐकेनासा होतो. त्यामुळे आम्ही वेळ धरलीच नाही, घडणारी गोष्ट धरली. सकाळी अकरा-सव्वाअकराला ऑफिसचा लॅपटॉप चालू केला की तो पूर्ण जागा व्हायला, व्हीपीएन जोडून मेल उघडायला चारेक मिनिटं लागतात. बटण दाबलं की घराबाहेर. दुसरी चढाई दुपारी, मुलाची शाळेची बस सव्वादोनला गेटवर येते तेव्हा. त्याला आणायला जायचं असतंच. येताना दहाव्याला उतरून मायलेक जिन्याने. तिसरी साडेआठला लॉगआउट केल्यावर, दिवसभरात गेटवर आलेलं पार्सल किंवा भाजी आणायला खाली जाऊन येताना.

तीनही एकदम सुरू केल्या नाहीत. पहिले दोन आठवडे फक्त लॅपटॉपवाली, पुढचे दोन आठवडे त्यात संध्याकाळची, पाचव्या आठवड्यापासून तीनही. दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार.

मंगळवारी आणि शनिवारी स्नायूंचं काम ठेवलं, कारण जिन्याने पाय आणि दम वाढतो, हातांना काही मिळत नाही. त्याला जागा सापडली स्वयंपाकघरात. साडेदहाला वरण-भाताचा कुकर चढतो, पहिली शिट्टी व्हायला पाच-सहा मिनिटं जातात आणि त्या वेळात बाई ओट्याशी उभ्या राहून फोन बघत असत. ओटा ३४ इंचांचा. त्याच्या कडेवर हात टेकून दंड काढायचे. हात खांद्यांपेक्षा किंचित रुंद, पाय ओट्यापासून साडेतीन फूट मागे, टाचेपासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखं. छाती कडेच्या चार बोटं अलीकडे येईपर्यंत तीन मोजत खाली, मग एका दमात वर. ग्रॅनाइटची कड आधी कोरड्या फडक्याने पुसायची, कारण ओला ओटा आणि तळहाताचा घाम मिळून हात सटकतो. गॅसच्या शेगडीपासून हातभर लांब, सिंककडच्या बाजूला. पायाखालच्या टाइल्सवर मोजे घालून नाही, अनवाणीच.

पहिल्या दिवशी आठ झाले आणि नवव्याला कंबर झोळीसारखी खाली आली. ती खूण महत्त्वाची. कंबर झुकली की मोजणी तिथेच संपते, पुढचे धरायचे नाहीत. नियम असा ठेवला, की अजून दोन जमतील असं वाटत असताना थांबायचं. मिनिटभर थांबून पुन्हा तितकेच. शिट्टी झाली की बंद. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, “ओटा पुढे सरकवतेस की काय?” नंतर त्याच मोजायला लागल्या आणि माझ्यापेक्षा कडक निघाल्या.

पायांसाठी खुर्चीवरून ऊठ-बस, तीही मंगळवारी आणि शनिवारीच. मंगळवारी चारच्या सुमाराला एक मोठी मीटिंग असते, तीत बाईंना फक्त ऐकायचं असतं आणि कॅमेरा बंद असतो. ऑफिसची चाकांची खुर्ची यासाठी साफ वर्ज्य. ती मागे सरकते आणि माणूस जमिनीवर. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी, उठताना जोरात, बसताना तीन मोजत. मिनिटभरात जितके होतील तितके. चौथ्या आठवड्यात हे सोपं झालं, तेव्हा मुलाच्या जुन्या दप्तरात तीन किलो तांदूळ भरून ते पोटाशी धरायला दिलं. श्वास रोखायचा नाही, उठताना सोडायचा. आणि हेडसेट म्यूट आहे हे दोनदा बघायचं. एका मीटिंगमध्ये लंडनच्या साहेबाने ‘सगळं ठीक आहे ना?’ विचारलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, उजवा गुडघा दुखतोय, वाटीच्या खाली. जिन्यामुळे गुडघे जातात हे घरातल्या सगळ्यांनी लगेच ठरवून टाकलं होतं. मी त्यांना आठवड्यात नेमकं काय काय केलं ते सांगायला लावलं. तेव्हा कळलं, की सकाळी ऑफिसला निघणाऱ्यांच्या गर्दीत लिफ्ट लवकर मिळत नाही, म्हणून त्या चौदाव्यावरून चार मजले पायी उतरायच्या आणि मग चढायच्या. उतरताना प्रत्येक पायरीला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन पेलून धरत असतो आणि वाटीवर दाब वाढतो. चढताना दम लागतो म्हणून माणूस चढणीला घाबरतो. गुडघ्याला मात्र बहुधा उतरण छळते. सवय नसलेल्या माणसाने तर वेगात उतरूच नये.

पाच दिवस जिना बंद केला, त्या जागी उंच बैठकीवरून ऊठ-बस दिली, खुर्चीवर दोन उशा ठेवून. दुखण्याचं माप त्यांना दिलं ते असं. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर मागमूस नसेल, तर चालू ठेवा. सकाळीही राहिलं, किंवा गुडघा सुजला, तर एक पायरी मागे. गुडघा अडकत असेल किंवा अचानक सोडून देत असेल तर फोन नाही, थेट दाखवायला या. सहाव्या दिवशी परत चढाई, उतरायला फक्त लिफ्ट. लिफ्ट मिळत नसेल तर? तर त्या वेळची चढाई सोडायची. पुन्हा दुखलं नाही.

दुसरी अडचण मला आधीपासून अपेक्षित होती. सप्टेंबरच्या मध्यावर सुरू केलेलं, सातव्या आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि शाळेची बसच बंद झाली. ज्या गोष्टीला चढाई बांधली होती तीच उरली नाही. दुपारची चढाई त्या आठवड्यात एकदाही झाली नाही, आणि तिच्यासोबत संध्याकाळचीही ढेपाळली. सुट्टी, परीक्षा, महिनाअखेर या वेळांना खिळ्यावर टांगलेली योजना खिळ्यासकट निघून येते. त्यामुळे खिळा निवडताना एकच बघायचं, तो वर्षाचे बाराही महिने भिंतीत असतो का. लॅपटॉप असतो, कुकर असतो, बस नसते. दुपारची चढाई आम्ही जेवणाच्या सुट्टीच्या सुरुवातीला हलवली, ताट वाढण्याआधी. जेवणाआधीची वेळ वाईटही नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात २०१४ साली झालेल्या छोट्या अभ्यासात इन्शुलिनला नीट दाद न देणाऱ्या लोकांना जेवणाच्या अर्धा तास आधी मिनिट-मिनिटाचे सहा जोरकस चढ चालायला दिले होते, आणि त्यांची जेवणानंतरची साखर सलग अर्धा तास चालण्यापेक्षा चांगली राहिली. आमची पाऊण मिनिटाची चढाई म्हणजे ते सहा चढ नव्हेत, तेव्हा तेवढा परिणाम मी बाईंना कबूल केला नाही. जेवण झाल्यावर दहा मिनिटं घरातल्या घरात शतपावली मात्र रोजची ठेवली, गुरुवारी ऑफिसातही.

चुकलेल्या चढाईची भरपाई करायची नाही, हा नियम बाईंना जड गेला. अभ्यासू स्वभाव, उधारी ठेवायची सवय नाही. एका शुक्रवारी राहिलेल्या दोन धरून रात्री एकापाठोपाठ तीन चढाया केल्या आणि शनिवारी पोटऱ्या धरून बसल्या. त्यात फायदाही नसतो. तासांचं अंतर असतं म्हणूनच प्रत्येक चढाई ताज्या पायांनी, पूर्ण जोराने होते. एकामागे एक जोडल्या की दुसरी-तिसरी रखडत होते आणि तो वेगळाच व्यायाम बनतो.

मधल्या काळात नवऱ्यालाही हुरूप आला. ते ४७ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, तीही मेटोप्रोलॉल. एकदा बाईंबरोबर क्लिनिकला आले तेव्हा मोजलं, १६२/१००. गोळी मध्येच विसरतात असं कळलं. त्यांना मी जिन्याला हात, म्हणजे पाय, लावू दिला नाही. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब ताब्यात आणा, तोवर उपवन तलावाभोवती साधं चालणं. त्यांच्या गोळीने नाडी मुळातच दबलेली राहते, त्यामुळे घड्याळावरचा आकडा बघून ‘अजून वाव आहे’ असं वाटून माणूस जास्त जोर करतो. इन्शुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हे असंच्या असं देता येत नाही. त्यांच्या जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा बघून डॉक्टरांच्या सल्ल्याने बसवावं लागतं. छातीत दाटल्यासारखं होणं, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, भोवळ, यांपैकी काही झालं तर चढाई तिथेच थांबवायची, उरलेला मजला पूर्ण करायचा नाही.

बारा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. त्याच ५४ पायऱ्या ३३ सेकंदांत. पूर्ण वाक्य ५० सेकंदांत बोलता आलं. खुर्चीची चाचणी १३ वरून १९. ओट्यावरचे दंड आठाचे अठरा झाले, तेव्हा ओटा सोडून पलंगाच्या कडेवर आल्या, तिथे सहा होतात. पलंगाखाली रबराची चटई आहे, नाहीतर तोही सरकला असता. मान गेले दोन महिने दुखलेली नाही, पण त्याचं श्रेय मी व्यायामाला देणार नाही. त्याच सुमाराला त्यांनी लॅपटॉपखाली स्टँड घेतला.

वजन ७०.६. म्हणजे काही नाही, आणि ते तसंच अपेक्षित होतं. ७१ किलोचं शरीर नऊ मीटर वर न्यायला सहा-सात कॅलरी लागतात. दिवसाच्या तीन चढायांच्या मिळून वीस, एका मारी बिस्किटाएवढ्या. ज्यांना वजनच कमी करायचं आहे त्यांनी ताटाकडे बघावं, जिना त्यांना निराश करील. एचबीएवनसी ५.८ आला. बाई खूश झाल्या. मी त्यांना सांगितलं, एका दशांशाचा फरक तपासणीच्या चढ-उतारातही येतो, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. दमाचा आणि पायांचा फरक मात्र तपासणीतला खेळ नाही, तो त्यांच्याच जिन्यावर त्यांनीच मोजलेला आहे.

या योजनेतून काय सुटलं तेही आहे. जोराचा व्यायाम आठवड्याला फार तर सहा-सात मिनिटांचा भरतो, ७५ मिनिटांच्या मापाच्या तो आसपासही नाही. म्हणून रविवारी सकाळी तिघं येऊरच्या रस्त्याने तासभर चढ-उताराचं चालतात. तिथे उतरण सौम्य आहे, गुडघा तक्रार करत नाही. दुसरं, पाठीचं ओढण्याचं काम या सगळ्यात कुठेच नव्हतं. दंड ढकलतात, जिना ढकलतो, ओढत कोणी नाही, आणि दिवसभर लॅपटॉपवर वाकलेल्या माणसाला त्याचीच जास्त गरज. त्यासाठी रबरी पट्टा घेतला. मधोमध गाठ मारून ती बेडरूमच्या दाराच्या पलीकडे ठेवायची, दार आपल्याकडे ओढल्यावर उघडण्याऐवजी घट्ट बसेल अशा बाजूला उभं राहायचं, आणि दोन्ही टोकं कोपर मागे नेत बरगड्यांपर्यंत खेचायची, बारा वेळा. दाराला आतून कडी लावायची. पहिल्याच आठवड्यात मुलाने पलीकडून दार उघडलं होतं आणि गाठ सुटून बाईंच्या दंडावर बसली. वळ चार दिवस होता.